सेदरच्या ताटातील पदार्थ आणि त्यांमागच्या आठवणी

प्रश्न : ज्यू लोक वल्हांडण सणाच्या रात्री, सेदर नावाच्या विधिवत जेवणात, ताटात हाड, अंडे, कडू पाला असे काहीबाही मांडतात. त्या प्रत्येकाचा अर्थ काय, आणि ते सगळे खातात का?

सगळे खात नाहीत, आणि ताट समजून घ्यायला तिथूनच सुरुवात करणे सोपे पडते. मी कोकणात, बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातल्या घरात वाढलो. लहानपणी मलाही त्या हाडाचे फार कुतूहल असे, कारण ते मांडले जाई, पण कोणी त्याला हात लावत नसे.

ते भाजलेले हाड म्हणजे ‘झेरोआ’. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटकेच्या रात्री इस्राएली कुटुंबांनी कोकरू कापले आणि त्याचे रक्त दारांच्या चौकटींना लावले. ती घरे ओलांडून मृत्यू पुढे गेला, अशी कथा आहे. पुढे यरुशलेमच्या मंदिरात दरवर्षी या कोकराचा यज्ञ होई. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडले आणि यज्ञ थांबले. म्हणून हाड ठेवायचे ते केवळ स्मरणासाठी. मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, आणि कडू पाला यांचा अर्थ सांगताना ते उचलून दाखवतात. हाड मात्र उचलत नाहीत, कारण हाच यज्ञाचा बळी आहे असे कोणाला वाटू नये. त्याच्या शेजारचे भाजलेले किंवा उकडलेले अंडे, म्हणजे ‘बेत्सा’, हे सणाच्या दुसऱ्या यज्ञाची खूण आहे. अंडे हे शोकाचेही अन्न असल्याने त्यात मंदिर गेल्याचे दुःख आहे, असेही सांगतात.

बाकीचे पदार्थ खाण्याचे आहेत. ‘कार्पास’ म्हणजे पार्सली, सेलरी किंवा उकडलेला बटाटा. त्याचा लहानसा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. ते पाणी गुलामांच्या अश्रूंचे. जेवणाआधीच भाजी बुडवून खाण्याचा हा वेगळा प्रकार मुद्दाम केला जातो. तो पाहून मुलांनी ‘आज असे का?’ म्हणून विचारावे, आणि मग मोठ्यांनी कथा सांगायला घ्यावी, हा त्याचा हेतू. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे या रात्रीची पोथी, छापली गेली, ती हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे घरच्या भाषेत समजावीत म्हणूनच.

माझ्या मते ताटाचा खरा गाभा म्हणजे ‘मारोर’ आणि ‘हारोसेत’ ही जोडी. मारोर म्हणजे तो कडू पाला, गुलामगिरीच्या कडवटपणाची खूण. पूर्व युरोपातल्या थंड प्रदेशात वसंतात ताजा पाला मिळणे कठीण, म्हणून तिथले ज्यू हॉर्सरॅडिशचे तिखट मूळ किसून घेतात. तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात मात्र पहिला मान लांब पानांच्या लेट्यूसला आहे. हा पाला प्रथम गोडसर लागतो आणि जून झाला की कडू होतो. मिसरी लोकही इस्राएलींशी आधी सौम्यपणे वागले आणि नंतर कठोर झाले, असा तिथला खुलासा आहे. पानांच्या घड्यांत बारीक किडे लपतात, म्हणून एकेक पान धुऊन उजेडासमोर धरून पाहावे लागते.

हारोसेत म्हणजे विटा रचताना लावायच्या चिखलाची आठवण. युरोपात त्यासाठी सफरचंद, अक्रोड, दालचिनी आणि द्राक्षरस एकत्र कालवतात. आमच्याकडे खजूर. आजी बिया काढलेला खजूर रात्रभर भिजवी, शिजवून फडक्यातून गाळी आणि तो रस मंद आचेवर आटवून मधासारखा दाट करी. गुलामीच्या चिखलाला इतकी गोडी कशी, हा प्रश्न रास्त आहे. पण कडू पाल्याची धार थोडी बोथट करणे हेही हारोसेतचे काम मानले जाते.

थोडीच, हे मात्र महत्त्वाचे. एका वर्षी मी पान त्या पाकात पुरते बुडवून उचलले. आजोबांनी हात धरला आणि म्हणाले, “झटक ते. कडू लागलं नाही, तर खाल्लंस कशाला?” नियमही तोच आहे : पान बुडवायचे, झटकायचे आणि ताठ बसून खायचे. मात्सा खाताना डावीकडे रेलून बसतात, कारण ती स्वतंत्र माणसाची ऐट. मारोर खाताना तसे रेलत नाहीत.

तीन मात्सा ताटाशेजारी वेगळ्या झाकून ठेवलेल्या असतात. घाईने निघताना कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची ती बिनखमिराची भाकरी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. मारोर वेगळे खाऊन झाले की मात्साच्या दोन तुकड्यांत पुन्हा मारोर घालून खातात. मंदिर उभे असताना हिल्लेल नावाचे गुरू असे करत. त्यांच्या घासात कोकराचे मांसही असे. आमच्या घासात ते नसते, आणि हाड ताटातच राहते.