उचल परत मागताना आधी हिशेब मांडा

«जादा गेलेली उचल परत मागण्याचे पत्र मला एका जुन्या सहकाऱ्याला पाठवायचे आहे. कितीही सौम्य लिहिले तरी त्यांना तो आरोपच वाटेल आणि आमचे संबंध बिघडतील, अशी भीती वाटते. काय करू?»

हिशेब विभागात काम करणाऱ्यांकडून ही काळजी मी वारंवार ऐकली आहे, म्हणून त्यांतील एका ताईंची हकिकत ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. त्यांनी मसुदा सोबतच आणला होता. त्यात आधी दोन परिच्छेद सहकाऱ्याच्या दीर्घ सेवेचे कौतुक होते, मग दिलगिरी होती आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘21,100 इतकी जादा रक्कम त्वरित जमा करावी’ असे होते.

मी विचारले, “हे पत्र तुमच्या हाती आले, तर तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल?”

“एवढी रक्कम आली कुठून?”

“त्याचे उत्तर पत्रात कुठे आहे?”

त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि त्या गप्प झाल्या. मागणी झाली एवढ्याने माणूस दुखावत नाही. त्या मागणीचा तो जो अर्थ लावतो, त्याने दुखावतो, असे मी माझ्या कामात सतत पाहत आले आहे. आकडा कसा आला हे पत्राने सांगितले नाही, तर वाचणारा ती जागा ‘यांना माझ्या सचोटीचा संशय आहे’ अशा तर्काने भरून काढतो. भोवतीचे कौतुक मग त्याला संशयावरचे पांघरूण वाटू लागते.

मी त्यांना तिथेच हिशेब मांडायला सांगितले. दौऱ्यासाठी 60,000 ची उचल दिली होती. काम लवकर आटोपले आणि 41,350 ची बिले आली. त्यांतील 2,450 च्या खर्चाच्या पावत्या नसल्यामुळे 38,900 मंजूर झाले. उरले 21,100. इथपर्यंत लिहून त्या थबकल्या. “अहो, दौऱ्याहून आल्यावर त्यांनी 5,000 रोख भरले होते. त्याची पावती माझ्याकडेच आहे, आणि मी ते वजाच केले नाहीत!” म्हणजे खरी मागणी 16,100 ची होती. ज्या पत्राला त्या सौम्य करत बसल्या होत्या ते मुळात चुकीचे होते, आणि त्यांच्या मनातल्या अस्वस्थतेचा मोठा भाग त्या क्षणी ओसरलेला मला स्पष्ट दिसला. सूर शोधण्यापूर्वी आकडा तपासावा, हा माझा आग्रह त्या दिवशी सार्थ ठरला, याचे मला आजही समाधान आहे.

पुढचा प्रश्न 16,100 एकसंध आहेत का, हा होता. तसे ते नव्हते. 13,650 खर्चच झाले नव्हते, त्याबद्दल वादाला जागा नव्हती. 2,450 मात्र खर्च झाले असतील, केवळ पुरावा नव्हता. दोन्हींना ‘जादा रक्कम’ म्हटले की प्रामाणिक माणूस दुसऱ्या भागासाठी भांडतो आणि त्यात पहिला भागही अडकतो. म्हणून पत्राचा गाभा आम्ही असा ठरवला:

‘आपल्याला दिलेल्या 60,000 च्या उचलीतून मंजूर खर्च 38,900 व आपण परत केलेले 5,000 वजा जाता 16,100 येणे आहे. यांपैकी 2,450 ही पावत्यांअभावी नामंजूर झालेली रक्कम आहे. त्या पावत्या किंवा हिशेबाबद्दलची आपली हरकत पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवावी. आवश्यक तेथे हिशेब सुधारला जाईल.’

याखाली उचलीच्या मंजुरीचा दिनांक, ज्या नियमानुसार उरलेली उचल परत करायची असते त्याचा उल्लेख आणि सोबत हिशेबाचा तक्ता. ‘आपण रक्कम स्वतःकडे ठेवली’ यासारखे हेतू गृहीत धरणारे वाक्य कुठेही नको. कागदावरून रक्कम सिद्ध होते, हेतू होत नाही.

परतफेडीचे पर्याय देताना ताईंना वाटले, की जास्त पर्याय म्हणजे जास्त सौजन्य. माझ्या मते दोनच द्यावेत आणि ते पूर्ण द्यावेत: 30 दिवसांत एकरकमी भरणा, किंवा वेतनातून 2,300 चे सात हप्ते. ‘सोयीनुसार भरा’ असे लिहिल्याने समोरच्याची सोय होत नाही, कारण किती आणि कधी मागावे याचा संकोच त्याच्याच माथी येतो. वेतनातून कपात करायची तर त्याची लेखी संमती पत्रासोबतच्या नमुन्यावर घ्यावी आणि कपातीवरील कायदेशीर मर्यादा आधी पाहावी. उत्तर आले नाही म्हणून परस्पर कपात सुरू करणे हा पर्याय नव्हे.

सहकाऱ्याने मुदतीत उत्तर दिले. 1,300 च्या पावत्या जोडल्या, हप्त्यांची विनंती केली आणि वेतनातून कपातीला संमतीही दिली. ताईंनी येणे 14,800 असल्याचे सुधारित पत्र पाठवले, 3,700 चे चार हप्ते ठरले, आणि शेवटच्या कपातीनंतर ‘या उचलीपोटी काही येणे नाही’ असे लेखी त्यांच्या हाती दिले.