वडिलांच्या जुन्या पॉलिसी आणि बंद पडलेली खाती कशी शोधायची?

"बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. ते शिक्षक होते. एलआयसी होती असं आई म्हणते पण कागद एकही नाही, बँकांचंही नक्की माहीत नाही. उद्गमवर शोधलं तर काहीच येत नाही."

उद्गम (udgam.rbi.org.in) वर फक्त तेच पैसे दिसतात जे १० वर्षं हलले नाहीत म्हणून बँकेने रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा केलेत, आणि तेही जोडलेल्या बँकांचेच. तुमच्या बाबांचं खातं तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत चालू असेल तर ते तिथे येणारच नाही, त्यामुळे काही नाही असं समजू नका, शाखेत मृत्यूचा दाखला घेऊन लेखी अर्ज द्या. देना बँकेचं पासबुक सापडलं तर बँक ऑफ बडोदात जायचं, २०१९ ला विलीन झालीय. उद्गमवर परत शोधताना नाव उलटसुलट टाकून बघा, आडनाव आधी, नुसती आद्याक्षरं, असं.

पॉलिसीचं सांगतो. माझे वडीलही शिक्षक, पासबुकात हप्त्याची एकही नोंद नव्हती म्हणून आम्ही शोधणंच सोडलं होतं. मग ट्रंकेत १९९८ ची पगारपत्रकाची स्लिप सापडली, त्यात एलआयसीची कपात आणि पुढे पॉलिसी नंबर! हप्ता थेट पगारातून जायचा, बँकेत दिसणार कुठून. तेव्हा जुन्या पे स्लिपा, फॉर्म १६, शाळेचं ऑफिस हे आधी धुंडाळा.

एलआयसीच्या साइटवर दावा न केलेल्या रकमांची यादी आहे, त्यात नाव आणि जन्मतारीख टाकावी लागते. आमची इथेच गाडी अडली, कारण खरी तारीख टाकत होतो आणि पॉलिसीवर शाळेतली १ जून होती, ती टाकल्याबरोबर नाव आलं. पण ज्या पॉलिसीची मुदत अजून संपलेली नाही ती या यादीत नसते, कारण माणूस गेल्याचं कंपनीला कळलेलंच नसतं. तिथे नंबर घेऊन शाखेतच जावं लागतं.

हप्ते मध्येच थांबले असतील तरी सोडून देऊ नका. जुन्या पॉलिसीत तीन वर्षं हप्ते भरले असले की सहसा ती पेडअप होते, रक्कम कमी मिळते पण मिळते.

दाव्याला फॉर्म ३७८३, मृत्यूचा दाखला, मूळ बाँड, नॉमिनीचं केवायसी आणि रद्द केलेला चेक लागतो. बाँड हरवला असेल तर इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसानभरपाईची लेखी हमी, आपण करून द्यायची. नॉमिनी आई असेल तर तिच्याच सहीने करा, सोपं जातं. बँकेत मात्र नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, म्हणून बहीणभावांना आत्ताच सांगून ठेवा, आमची एक सही यायला पाच महिने गेले. आणि प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.