फेज प्लेनवरचे प्रश्न: एक भक्ष्य, एक भक्षक आणि तीन समतोल बिंदू

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच प्रणालीवर आले आहेत, म्हणून ती आधी मांडून ठेवतो. `x` म्हणजे भक्ष्याची संख्या, `y` म्हणजे भक्षकाची, आणि `K` हा आपण बदलू शकतो असा धन स्थिरांक.

```
x' = x(K − x) − 4xy/(1 + x)
y' = y(2x/(1 + x) − 1)
```

प्रश्न: मी पहिल्या समीकरणाला `x` ने आणि दुसऱ्याला `y` ने भागलं, तर एकच समतोल बिंदू मिळाला. उत्तरात तीन आहेत. बाकीचे दोन कुठून आले?

भागाकारातच ते हरवले. `x` ने आणि `y` ने भागताना दोघांपैकी एकही शून्य नाही असं तुम्ही न सांगता गृहीत धरलंत, आणि हरवलेले दोन्ही बिंदू अक्षांवरच आहेत. भागण्याऐवजी अवयव पाडा. मग `x' = 0` च्या दोन शून्यरेषा दिसतात: `x = 0` हा उभा अक्ष आणि `y = (K − x)(1 + x)/4` हा पॅराबोला. `y' = 0` च्याही दोन: `y = 0` आणि `x = 1`.

आता पहिल्या गटातली एक आणि दुसऱ्या गटातली एक अशीच जोडी लावायची. `(0, 0)`, `(K, 0)` आणि `(1, (K−1)/2)` हे तीन बिंदू त्यातून मिळतात. पॅराबोला उभ्या अक्षाला `(0, K/4)` इथे छेदतो आणि आकृतीत तो छेद ठळक दिसतो, पण दोन्ही रेषा `x' = 0` च्याच आहेत. तिथे `y' = −y` आहे, म्हणजे बिंदू खाली सरकत राहतो. शून्यरेषा दोन रंगांत काढा आणि वेगळे रंग भेटतील तिथेच खूण करा. पॅराबोला आडव्या अक्षाला `x = −1` वरही भेटतो, पण तिथे समीकरणांतला `1 + x` हा छेद शून्य होतो, म्हणून तो बिंदू बाद.

प्रश्न: `K = 2` ला मधला बिंदू स्थिर आणि `K = 5` ला अस्थिर येतो. गणित जमलं, पण असं का होतं ते कळलं नाही.

मधल्या बिंदूवर जेकोबियन मॅट्रिक्स असं येतं:

```
[ (K−3)/2   −2 ]
[ (K−1)/4    0 ]
```

ट्रेस `T = (K−3)/2` आणि डिटर्मिनंट `D = (K−1)/2`. `K = 2` ला `T = −0.5`, `D = 0.5`, आणि `T² − 4D = −1.75` ऋण, म्हणजे स्थिर स्पायरल. `K = 5` ला `T = 1`, `D = 2`, `T² − 4D = −7`, म्हणजे अस्थिर स्पायरल.

कारण आकृतीतच आहे. `T` चं चिन्ह म्हणजे `x = 1` वर पॅराबोलाच्या उताराचं चिन्ह. पॅराबोलाचं शिखर `x = (K−1)/2` वर आहे. `K = 5` ला शिखर `x = 2` वर, म्हणजे आपला बिंदू चढावर बसलाय. तिथून `x` थोडा वाढवा आणि `y` तसाच ठेवा: तुम्ही पॅराबोलाच्या खाली येता, तिथे `x'` धन असतो आणि `x` आणखी वाढतो. `K = 2` ला शिखर `0.5` वर, बिंदू उतारावर. तीच ढकल दिली की तुम्ही पॅराबोलाच्या वर जाता आणि `x` परत फिरतो. `D` मात्र `K > 1` असताना नेहमी धन, म्हणून इथे सॅडल होणं शक्यच नाही. मी तरी आधी शिखर कुठे आहे ते बघतो आणि मग जेकोबियनने खात्री करतो. चिन्हाची चूक तिथेच सापडते.

जाता जाता: भक्ष्याला जास्त पोषण मिळालं की समतोल ढासळतो, हा निष्कर्ष रोझेनझ्वाइग यांनी 1971 मध्ये मांडला, तो याच चढ-उतारातून येतो.

प्रश्न: `K = 0.8` घेतलं तर?

मधल्या बिंदूचा `y` ऋण होतो, त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही. `(0.8, 0)` वर आयगेन मूल्यं `−0.8` आणि सुमारे `−0.11`, म्हणून स्थिर नोड: भक्षक नामशेष होतो, पण सावकाश.

प्रश्न: `K = 3` ला ट्रेस शून्य, म्हणून मी ‘सेंटर’ लिहिलं. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये वक्र बाहेर बाहेर जातो. चूक कोणाची?

दोघांचीही. आयगेन मूल्यं `±i` आली की रेषीय रूप मूळ प्रणालीबद्दल निकाल देत नाही. हार्टमन–ग्रोबमन प्रमेयाला वास्तव भाग शून्य नसलेली आयगेन मूल्यं लागतात. इथे निकाल वरच्या घातांच्या पदांवर ठरतो आणि या प्रणालीत ती पदं वक्राला आत ओढतात. बिंदू स्थिर आहे, फक्त आवर्तनं फार हळू लहान होतात: घातांकी वेगाने नव्हे, साधारण `1/√t` सारखी.

बाहेर जाणारा वक्र बहुधा ऑयलर पद्धतीने आणला. पायरी `h` असेल तर बिंदूजवळ ती पद्धत दर पायरीला अंतराचा वर्ग साधारण `1 + hT + h²D` पटीने बदलते. `T = 0`, `D = 1`, `h = 0.1` ला हा आकडा `1.01`. एका फेऱ्यात सुमारे 63 पायऱ्या, म्हणजे अंतर जवळजवळ 37 टक्क्यांनी वाढतं, तेही निव्वळ पद्धतीमुळे.

खरा धोका `K = 2.8` सारख्या ठिकाणी आहे. तिथे `T = −0.1`, `D = 0.9`, बिंदू निःसंशय स्थिर. तरी `h = 0.2` ला तो आकडा `1.016` येतो आणि ऑयलर तुम्हाला अस्थिर स्पायरल दाखवतो. `h` अर्धा करून बघा. चित्राचा स्वभावच बदलला तर चित्र खोटं. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
solve_ivp(f, (0, 300), [1.3, 1], rtol=1e-9, atol=1e-11)
```

प्रश्न: `K = 5` ला तिन्ही बिंदू अस्थिर आहेत. मग वक्र जातो कुठे? अनंताकडे?

नाही. `S = x + 2y` घ्या. शिकारीची पदं एकमेकांना खातात आणि उरतं `S' = x(6 − x) − S`. `x(6 − x)` चं कमाल मूल्य 9, म्हणून `S` 9 पेक्षा मोठा असेल तर तो घटतो. अक्ष ओलांडता येत नाहीत, तेव्हा `x + 2y ≤ 9` या त्रिकोणात आलेला वक्र तिथेच अडकतो.

आता `(1, 2)` भोवतीचं योग्य आकाराचं छोटं लंबवर्तुळ कापून टाका, कारण तिथून सगळे वक्र बाहेर पडतात. `(0, 0)` आणि `(5, 0)` सॅडल आहेत. त्यांच्याकडे शेवटपर्यंत नेणारे मार्ग अनुक्रमे उभा आणि आडवा अक्ष, म्हणून आतला वक्र तिथे थांबत नाही. `(5, 0)` पासून बाहेर पडणारी दिशा `(−10, 17)` आहे आणि ती थेट आत येते. आतून `(0, 0)` कडे परतायची वाट नाही, त्यामुळे दोन सॅडलना जोडणारी बंद साखळीही बनत नाही. पॉइंकारे–बेंडिक्सन प्रमेयाने उरतं ते बंद आवर्तन, म्हणजे लिमिट सायकल.

बघायचं असेल तर `(1, 2)` वरूनच सुरुवात करू नका, वक्र हलणारच नाही, `(1.1, 2)` घ्या. आणि `K` बराच वाढवलात तर आवर्तन अक्षांना अगदी चिकटून जातं. तिथे `x` इतका लहान होतो की ढिल्या `atol` मुळे तो ऋण दाखवला जातो. अशा वेळी `u = ln x`, `v = ln y` घेऊन सोडवा.