डिस्प्ले लगेच बदलू नकोस

अरे भावा, फोनचा टच आपोआप चालतोय म्हटल्यावर गिऱ्हाईकाला थेट नवीन पॅनलचा भाव सांगू नकोस, सुरुवातीला मीपण हेच करायचो.

आधी चार्जर काढून बघ. चार्जिंगलाच भूत नाचत असेल तर बहुतेक दोष स्वस्तातल्या चार्जरचा, दुसरा लावून खात्री कर. मग स्क्रीनगार्ड काढ. आपल्याकडे खारी हवा, त्यात मासळीचे हात, गार्डच्या कडेखाली खारट ओल बसते आणि मीठपाणी वीज वाहून नेतं, म्हणून स्क्रीनला ते बोटच वाटतं. ओल्या बोटाचंही तेच, टच भलतीकडेच लागतो, पुसलं की ठीक, तो बिघाड नव्हेच.

मग Build number वर सात वेळा टॅप करून Developer options उघड, त्यात Pointer location चालू कर आणि बोट न उचलता सगळ्या स्क्रीनवर सारवल्यासारखं फिरव, बोटामागे रेघ उमटते, ती कुठे तुटते ते बघ. गेल्या पावसात मालवणच्या एका मासेवाल्या काकीचा फोन दुरुस्तीला आला, गार्ड काढून पुसल्यावर भूत गेलं पण रेघ एका उभ्या पट्ट्यात दर वेळी तुटायची. फोन बंद केला, उघडून बॅटरीचा कनेक्टर आधी काढला, मग डिस्प्लेचा, त्यावर हिरवट मीठ होतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रशने साफ केलं, पूर्ण सुकवून परत बसवला, पट्टा जागेवर. साफ करूनही रेघ तिथेच तुटली असती तरच पॅनल.

आणि हो, बॅटरी फुगून स्क्रीन वर ढकलत असेल तर तिला दाबू किंवा टोचू नकोस, आधी बॅटरीच बदल.