अध्यक्षाचं निर्णायक मत: आधी आपलं, मग ते

भाऊ, शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष झालास. पहिल्या बैठकीआधी एवढं लक्षात ठेव: मतांची बरोबरी झाली की अध्यक्षाला मिळणारं निर्णायक मत हे दुसरं मत आहे, पहिल्याच्या ऐवजी मिळणारं नाही.

आमच्या भागात इथंच चुकतं. समज, सहा संचालक हजर आहेत आणि सोयाबीनचं ग्रेडिंग यंत्र घ्यायचा ठराव आहे. तुला यंत्र हवंय, पण 'बरोबरी झाली तर बघू' म्हणून तू हात वर करत नाहीस. बाकी पाचांत दोन बाजूनं, तीन विरुद्ध. ठराव पडला. बरोबरीच नाही, तर निर्णायक मत कुठलं? तूही आधी मत दिलं असतंस तर तीन-तीन झालं असतं आणि निर्णायक मतानं ठराव चार-तीननं पास झाला असता.

हा अधिकार कुठून येतो तेही बघ:

- संचालक मंडळात: कंपनीची नियमावली उघड. त्यात लिहिलं असेल तरच वापर.
- आमसभेत: उत्पादक कंपनीसाठी तो कायद्यातच आहे. मात्र अध्यक्षाच्या निवडणुकीत तो चालत नाही.

आणि विशेष ठरावाला, उदाहरणार्थ नियमावली बदलायची असेल तेव्हा, बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट लागतात. तिथं बरोबरी म्हणजे ठराव पडलाच, तुझं जादा मत काय करणार?

वापरलंस तर इतिवृत्तात दोन्ही मतं वेगवेगळी लिहून घे. सचिव बहुतेकदा नुसतं 'बहुमतानं मंजूर' लिहून मोकळे होतात.