टाके पडले तरी माणूस कामावर आला, तर नोंद कोणत्या खान्यात?

प्रश्न : "वाळूजला एका प्रेस शॉपच्या सेफ्टी विभागात नुकताच लागलोय. परवा एका हेल्परच्या तळहाताला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो पाळीवर हजर होता. सुपरवायझर म्हणतात फर्स्ट एड लिहा, ठेकेदार म्हणतो निअर मिस, आणि ग्राहक कंपनीचे ऑडिटर म्हणतात रेकॉर्डेबल. नोंद तर आपण सगळ्यांचीच करतो, मग रेकॉर्डेबल म्हणजे वेगळं काय? शिवाय फ्रीक्वेन्सी रेट काढताना कुणी दहा लाखाने गुणतं, कुणी दोन लाखाने. खरं कोणतं?"

ऑडिटरांचं बरोबर आहे. ही केस रेकॉर्डेबल आहे आणि ती लॉस्ट टाइम इन्जुरी नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे कळलं की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात.

आपल्या बोलण्यात इजेची एकच शिडी असते : थोडक्यात वाचला, किरकोळ लागलं, बरंच लागलं, लई मोठं झालं. सुपरवायझरांनी हाच हिशेब केला. माणूस दुसऱ्या दिवशी आला म्हणजे किरकोळ, आणि किरकोळ म्हणजे फर्स्ट एड. पण रजिस्टरमधले शब्द या शिडीवरच्या पायऱ्या नाहीत. प्रत्येक शब्द वेगळा प्रश्न विचारतो. निअर मिस विचारतो, कुणाला लागलं का? फर्स्ट एड आणि रेकॉर्डेबल यांच्यातली रेघ विचारते, उपचार कोणता झाला? लॉस्ट टाइम इन्जुरी विचारते, पुढच्या पाळीला काम करण्याजोगा होता का? तुमच्या हेल्परच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो', दुसऱ्याचं 'टाके', तिसऱ्याचं 'हो, करण्याजोगा होता'. तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली की ठेकेदाराचा निअर मिस पहिल्याच प्रश्नावर बाद होतो.

तुमच्या शॉपमधलाच प्रसंग थोडा थोडा बदलून बघू. पत्र्याच्या थप्पीवरून एक शीट घसरली, तिच्या कडेला बर, म्हणजे पत्रा कापताना राहिलेली धारदार कोर, होती. शीट जमिनीवर पडली आणि कुणाला स्पर्शही झाला नाही, तर निअर मिस. तळहाताला ओरखडा आला, पाण्याने धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं, तरी ती फर्स्ट एड केसच राहते. जखम थोडी उघडी होती आणि डॉक्टरांनी चिकटपट्ट्या लावून तिच्या कडा जुळवल्या, तरीही फर्स्ट एड. पण त्याच कडा टाक्यांनी, स्टेपलने किंवा जखमेवर लावायच्या वैद्यकीय गोंदाने जुळवल्या, तर ती रेकॉर्डेबल झाली. जखमेची लांबी इथे कुणी मोजत नाही.

ही रेघ कुणाच्या मर्जीची नाही. 'रेकॉर्डेबल' हा शब्द मुळात अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याच्या नियमांतला आहे, आणि फर्स्ट एडमध्ये काय काय बसतं याची यादी त्याच नियमात दिलेली आहे. जखम धुणं, पट्टी, गरम किंवा थंड शेक, लवचिक पट्टा, डोळ्यातला कण नुसत्या पाण्याने किंवा कापसाच्या बोळ्याने काढणं, काटा चिमट्याने काढणं, उन्हाच्या तडाख्यात पाणी पाजणं, असल्या गोष्टी त्यात येतात. यादीबाहेरचा कोणताही उपचार म्हणजे वैद्यकीय उपचार, आणि तिथून रेकॉर्डेबल सुरू होतं. उपचार कुणी केला याला महत्त्व नाही. एमबीबीएस डॉक्टरांनी स्वतः पट्टी बांधली म्हणून फर्स्ट एडची केस वर चढत नाही, आणि कंपाउंडरने टाके घातले म्हणून टाक्यांची केस खाली येत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक गोळ्यांपाशी होते. कंपनीच्या दवाखान्यात हात कापलेल्या माणसाला पट्टीबरोबर पाच दिवसांची अँटिबायोटिक सहज दिली जाते, आणि केसपेपरवर मात्र 'ड्रेसिंग केलं' एवढंच उरतं. तोंडावाटे घ्यायचं अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, त्यामुळे टाका एकही नसला तरी केस रेकॉर्डेबल होते. म्हणून वर्गवारी करताना केसपेपरच्या वरच्या ओळीवर थांबू नका, औषधांची चिठ्ठी मागून बघा. एक्स-रेचं उलट आहे. तो तपासणीत मोडतो, उपचारात नाही, म्हणून नुसत्या एक्स-रेने केस रेकॉर्डेबल होत नाही. पण त्यात हाड मोडलेलं दिसलं, तर पुढे काहीच उपचार केला नसला तरी ती रेकॉर्डेबल. शुद्ध हरपली तरीही तसंच.

आता 'नोंद' या शब्दाकडे येतो, कारण तुमचा गोंधळ तिथून सुरू झालाय आणि तो रास्त आहे. नोंद तर निअर मिसचीही करायची असते, फर्स्ट एडचीही. रेकॉर्डेबल म्हणजे 'रेटच्या हिशेबात धरायची' असं समजा. त्याला 'नोंदणीय' म्हटलं की तो शेजारच्या 'रिपोर्टेबल'शी मिसळतो. मी तरी हे दोन्ही शब्द मराठीतही जसेच्या तसे वापरतो आणि अर्थ सोडवून सांगतो. रिपोर्टेबल म्हणजे सरकारला कळवायची, आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. त्याची कसोटी १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ८८ पासून चालत आली आहे : मृत्यू, किंवा अपघातानंतर लगोलग ४८ तास वा त्याहून जास्त काम करता न येणं. त्याच कायद्याच्या ८८अ कलमापासून आणखी एक नियम चालत आला आहे. त्यानुसार काही धोकादायक घटना कुणालाही इजा झालेली नसली तरी कळवाव्या लागतात. म्हणजे तुमच्या फलकावर जे निअर मिस आहे, ते कधी कधी सरकारदरबारी कळवण्याची गोष्ट असू शकतं.

लॉस्ट टाइम इन्जुरी या दोहोंच्या मधे बसते. भारतीय मानक आयएस ३७८६ प्रमाणे अपघाताच्या दिवसाच्या किंवा पाळीच्या पलीकडे टिकणारी असमर्थता म्हणजे लॉस्ट टाइम इन्जुरी. अपघाताचा दिवस वाया गेलेल्या दिवसांत धरत नाहीत. त्यामुळे एक दिवस घरी राहिलेला माणूस लॉस्ट टाइममध्ये येतो, पण ४८ तास भरले नाहीत तर रिपोर्टेबल होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी येऊन प्रेसऐवजी पॅकिंगला बसवलेला माणूस लॉस्ट टाइममध्ये येत नाही, पण त्याचं नेहमीचं काम इजेमुळे बदललं म्हणून ओशाच्या नियमाने तो रेकॉर्डेबल ठरतो.

इथेच लबाडी चालते, आणि ती मला मनापासून खटकते. डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितलेली असते. कंपनीची गाडी माणसाला घरून उचलते, हजेरीचा पंच होतो, तो दिवसभर टाइम ऑफिसात हात झोळीत घालून बसतो, आणि फलकावर 'लॉस्ट टाइम शून्य' झळकतं. ओशाच्या नियमात याला जागा नाही : डॉक्टरांनी घरी राहायला सांगितलं असेल, तर माणूस आला काय किंवा न आला काय, ते दिवस धरावेच लागतात. म्हणून हजेरीपट आणि डॉक्टरांचा कागद शेजारी ठेवून वाचा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी लागलं असेल तेव्हाही हाच कागद कामाला येतो. सुट्टी संपल्यावर माणूस हजर झाला तरी, सुट्टीच्या दिवशी तो काम करू शकला असता का, हे डॉक्टरांना विचारावं लागतं.

आता रेट. दहा लाख आणि दोन लाख दोन्ही खरे आहेत, फक्त घरं वेगळी. इजांची संख्या गुणिले ठरलेला आकडा, भागिले प्रत्यक्ष काम झालेले मनुष्यतास, ही रीत दोन्हीकडे एकच. आयएस ३७८६ मध्ये ठरलेला आकडा दहा लाख आहे. ओशाकडे तो दोन लाख आहे, कारण १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे यांचा गुणाकार तेवढा येतो. म्हणजे ओशाचा रेट वाचायचा 'शंभर माणसांमागे वर्षाला इतक्या' असा.

समजा सव्वादोनशे माणसांच्या कारखान्यात वर्षभरात ५ लाख तास काम झालं. रेकॉर्डेबल इजा ४. त्यांतल्या २ लॉस्ट टाइम, आणि त्या दोनांतली १ रिपोर्टेबल. आयएस ३७८६ ने लॉस्ट टाइमचा रेट २ × १०,००,००० ÷ ५,००,००० = ४ येतो, आणि रिपोर्टेबलचा २. ओशाने रेकॉर्डेबलचा रेट ४ × २,००,००० ÷ ५,००,००० = १.६. इजा जास्त मोजल्या तरी आकडा ४ वरून १.६ वर आला. अशा दोन आकड्यांची तुलना करून 'आपण सुधारलो' म्हणणारं सादरीकरण कुणी दाखवलं, तर आधी गुणक विचारा. दहा लाखाने गुणला असता तोच रेकॉर्डेबल रेट ८ झाला असता.

वरच्या संख्येत इजा मोजायच्या असतात, अपघात नव्हे. आपण 'एक अपघात झाला' म्हणतो आणि एक लिहून मोकळे होतो. पण त्या एका शीटने दोघांचे हात कापले आणि दोघेही दुसऱ्या दिवशी येऊ शकले नाहीत, तर तिथे दोन इजा झाल्या.

खालच्या संख्येतली नेहमीची चूक म्हणजे माणसं गुणिले आठ तास गुणिले तीनशे दिवस. रजा आणि गैरहजेरी वजा करायची असते, ओव्हरटाइम मिळवायचा असतो. ठेकेदाराच्या माणसांचे तास खाली धरले, तर त्यांच्या इजाही वर धरायला हव्यात. तुमचा हेल्पर ठेकेदाराचा आहे असं दिसतं, म्हणून हे आजच तपासा. त्याचे तास आधीपासून बेरजेत असतील आणि फक्त त्याचे टाके 'ठेकेदाराची केस' म्हणून बाहेर ठेवले जात असतील, तर रेट खोटा आहे.

महिन्याचा रेट वेगळा काढून त्यावर बैठका घेऊ नयेत, असं माझं मत आहे. वरच्या कारखान्यात एका महिन्याचे तास सुमारे ४१,६०० होतात. त्या महिन्यात एकच लॉस्ट टाइम इजा झाली तर रेट २४ येतो, पुढच्या महिन्यात शून्य. दोन्ही आकड्यांतून कारखान्याबद्दल फारसं काही कळत नाही. दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांच्या इजा आणि तास एकत्र घेऊन काढा, म्हणजे एका केसने आकडा असा उडत नाही. निअर मिसचा रेट मात्र खाली आणायचं लक्ष्य कुणालाही देऊ नका. तो आकडा नोंदी लिहिणाऱ्यांच्या हातात असतो. लक्ष्य मिळालं की घसरलेल्या शीटची चिठ्ठी पेटीत पडणं थांबतं, आणि बर असलेली थप्पी तशीच उभी राहते.