डीएपी, सुपर फॉस्फेट की १०:२६:२६: कोणती गोणी खरी स्वस्त?

"दोन एकर सोयाबीन आहे. दुकानात डीएपी १३५०, सिंगल सुपर फॉस्फेट ५००, १०:२६:२६ ची गोणी १९००, पोटॅश १७०० आणि युरिया २६६.५० सांगतात. यातलं स्वस्त नेमकं कोणतं आणि ते कसं ओळखायचं?"

सुरुवात युरियापासून करा, कारण त्यात नत्राशिवाय दुसरं काही नाही. गोणी ४५ किलोची (२०१८ पूर्वी ५० ची यायची, अजून बरेच जण तोच हिशोब धरतात), नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत २०.७ किलो. २६६.५० ला भागलं की नत्र किलोला साधारण १३ रुपये. पोटॅशही तसंच सरळ: ५० किलोत ६० टक्के म्हणजे ३० किलो पालाश, किलोला ५७ रुपये.

डीएपीत मात्र दोन अन्नद्रव्यं आहेत, तिथेच लोक चुकतात. १८ आणि ४६ ची बेरीज करून १३५० ला भागू नका. स्वस्त नत्र आणि महाग स्फुरद एकाच तागडीत टाकल्यासारखं होतं ते. गोणीत ९ किलो नत्र आहे, ते युरियातून घेतलं असतं तर ११७ रुपये लागले असते. ते वजा करा. उरलेले १२३३ रुपये २३ किलो स्फुरदाचे, म्हणजे किलोला साडेत्रेपन्न. सुपर फॉस्फेटच्या गोणीत १६ टक्क्यांनी ८ किलो स्फुरद, ५०० रुपयांत, म्हणजे साडेबासष्ट. गोणी स्वस्त, पण स्फुरद महाग.

आता हेच दर १०:२६:२६ ला लावा. ५ किलो नत्राचे ६५, १३ किलो स्फुरदाचे साधारण ७००, १३ किलो पालाशाचे ७४०. माल झाला १५०० चा आणि मागतायत १९००. गोणीमागे चारशे रुपये जास्त जातात. ही गोणी १५०० च्या आत मिळाली तर घ्या, एरवी सुटी खतं बरी.

मग सगळं डीएपीच घ्यायचं का? सोयाबीनला नाही, कारण या पिकाला गंधक लागतं आणि डीएपीत ते नसतं. सुपर फॉस्फेटच्या गोणीत मात्र ११ टक्क्यांनी साडेपाच किलो गंधक येतं. हेक्टरी ५०:७५:४५ आणि २० किलो गंधक ही शिफारस धरू (तुमच्या भागाची वेगळी असेल आणि माती परीक्षण असेल तर ते आधी). दोन एकराला साधारण ४० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३६ किलो पालाश आणि १६ किलो गंधक लागेल.

सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत साडेसोळा किलो गंधक आणि २४ किलो स्फुरद मिळतं. या स्फुरदासाठी डीएपीपेक्षा किलोला ९ रुपये जास्त, म्हणजे एकूण २१६ रुपये जास्त गेले. त्यात सगळं गंधक आलं, किलोला तेरा रुपयांनी. आता दुकानातल्या ९० टक्के गंधकाच्या १० किलो पिशवीचा भाव विचारा आणि ९ ने भागा. आमच्याकडे तरी ती या दराच्या जवळपासही येत नाही.

उरलेल्या ३६ किलो स्फुरदासाठी डीएपीच्या दीड गोण्या पुरतात. थोडं कमी पडलं तरी चालतं. अर्धी गोणी भावकीत वाटून घ्या. सव्वा गोणी युरिया आणि सव्वा गोणी पोटॅश घेतलं की झालं. युरिया आणि सुपर फॉस्फेट मात्र आदल्या दिवशी कालवून ठेवू नका, ओल सुटून गोळे होतात. पेरणीच्या वेळीच मिसळा. पूर्ण सुपर फॉस्फेटवर गेलात तर त्याच्या साडेसात गोण्या होतील, त्यांची हमाली आणि भाडं वेगळं.

हिशोबात न दिसणारी एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती. एका वर्षी डीएपीच्या गोणीबरोबर दुकानदाराने सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली गळ्यात मारली. लिंकिंगची ती बाटली मला नकोच होती. तिचे पैसे डीएपीत मिळवल्यावर कळलं, शेजारच्या गावातलं सुपर फॉस्फेट स्वस्त पडलं असतं. म्हणून छापील भाव नव्हे, खिशातून जाणारी रक्कम भागा. पक्कं बिल मागितलं की पुष्कळदा बाटली परत जाते.

बाटलीतल्या खतांनाही हाच भागाकार लावून पाहा. ४ टक्क्यांच्या नॅनो युरियाच्या ५०० मिलीत २० ग्रॅम नत्र असतं. बाटली २२५ ला धरली तर किलोला सव्वाअकरा हजार रुपये पडतात. कंपनीचा दावा पानातून जास्त परिणाम होतो असा आहे, पण नत्राचा साठा म्हणून ती गोणीची जागा घेऊ शकत नाही.

उलट बाजूला रॉक फॉस्फेट. कागदावर किलोमागे स्वस्त दिसेल, पण त्यातलं स्फुरद आम्ल जमिनीतच हळूहळू सुटतं. कोकणात ठीक, तुमची काळी चुनखडीची जमीन असेल तर ते तसंच पडून राहील.